फ्लोटिंग रेट नोटची किंमत रिसेटच्या दिवशी कशी काढायची: स्प्रेड आणि डिस्काउंट मार्जिनवरून

मुंबईत बँकेच्या ट्रेझरीत, म्युच्युअल फंडाच्या बॅक ऑफिसात किंवा सहकारी बँकेच्या गुंतवणूक विभागात नव्याने बसलेल्या माणसाला साध्या, स्थिर व्याजाच्या रोख्याची किंमत काढता येते. कूपन ठरलेले असते, यील्ड बाजारातून मिळते, सवलत लावली की झाले. मग समोर फ्लोटर, म्हणजे बदलत्या व्याजाचा रोखा येतो. त्याचे पुढचे व्याज कुणालाच माहीत नसते, तरी शेजारचा डीलर मात्र "एकशेतीसला घेतोय" एवढेच बोलून सौदा करून मोकळा होतो. त्या एकशेतीसवरून रुपयांतली किंमत कशी निघते, ते इथे एका उदाहरणाने शेवटपर्यंत करून दाखवतो. मुक्काम फक्त रिसेटच्या, म्हणजे नव्या सहामाहीचा व्याजदर लागू होतो त्या दिवसावर आहे. तो दिवस नीट समजला की मधल्या दिवसांचा हिशेब त्यात थोडी भर घालून करता येतो.

## १. आधी हाताशी काय हवे

रोख्याच्या अटींचा कागद सर्वांत आधी. सरकारी रोखा असेल तर रिझर्व्ह बँकेची विक्रीची अधिसूचना, कंपनीचा असेल तर टर्मशीट. त्यातून पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्या: पायाभूत दर कोणता, त्यावर स्प्रेड किती, व्याज वर्षातून किती वेळा, दिवस मोजायची पद्धत कोणती आणि मुदत कधी संपते. सहावी गोष्ट अटींच्या पानाच्या तळाशी दडलेली असते: व्याजाला वरची किंवा खालची मर्यादा आहे का, आणि कर्ज काढणाऱ्याला मुदतीआधी परतफेड करता येते का.

बाजारातून दोन आकडे लागतात. पायाभूत दराचा आजचा आकडा आणि त्या रोख्यासाठी बाजार आज मागतो आहे ते डिस्काउंट मार्जिन. बाकी एक्सेलची कोरी शीट पुरते.

पायाभूत दर म्हणजे काय ते खऱ्या रोख्यावर पाहा. भारत सरकारच्या एफआरबी २०३४ या रोख्याचा पाया १८२ दिवसांच्या ट्रेझरी बिलावर आहे. दर ठरवायच्या दिवसाआधी झालेल्या शेवटच्या तीन लिलावांतल्या भारित सरासरी यील्डची सरासरी घ्यायची आणि त्यात ०.९८ टक्के मिळवायचे. हे ०.९८ आयुष्यभर तेच राहते, पाया मात्र दर सहामाहीला नव्याने ठरतो. नव्या सहामाहीचा दर रिझर्व्ह बँक प्रसिद्धिपत्रकाने जाहीर करते, त्यामुळे तुमचा हिशेब पडताळायला अधिकृत आकडा मिळतो.

घरी आईवडिलांच्या नावे 'फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बाँड २०२०' असतील तर ते या लेखात आणू नका. त्यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या व्याजावर ०.३५ टक्के अधिक असा बदलतो खरा, पण ते बाजारात विकता येत नाहीत. ज्याला बाजारभावच नाही त्याला डिस्काउंट मार्जिनही नाही.

## २. दोन मार्जिने आणि त्यांची वेगवेगळी कामे

सगळा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबतो.

रोख्याच्या कागदावर छापलेला स्प्रेड, ज्याला बाजारात क्वोटेड मार्जिन म्हणतात, तो फक्त एकच काम करतो: तुमच्या हातात किती व्याज पडणार ते ठरवतो. तो करारातला आकडा आहे. कर्जदाराची पत सुधारो वा बिघडो, तो हलत नाही.

डिस्काउंट मार्जिन, म्हणजे डीएम, हा खरेदीदाराचा आकडा आहे. अशी पत, अशी मुदत आणि विकायला निघाल्यावर गिऱ्हाईक मिळण्याची अशी शक्यता असलेल्या कागदावर पायाभूत दरापेक्षा किती जास्त मिळाले तर आज पैसे घालायचे, हे तो सांगतो. हा रोज हलतो. त्याचे काम येणाऱ्या रकमांना सवलत लावणे.

थोडक्यात, स्प्रेड रकमा ठरवतो आणि डीएम त्या रकमांची आजची किंमत. सूत्रात एक वर बसतो आणि एक खाली. हे ठिकाण चुकले की पुढचे सगळे चुकते.

## ३. रिसेटचाच दिवस का

त्या दिवशी आधीच्या सहामाहीचे व्याज देऊन झालेले असते, म्हणून साचलेले व्याज शून्य असते. बाजारात बोलली जाणारी किंमत आणि प्रत्यक्ष द्यायची रक्कम एकच निघते. पुढचा हप्ता बरोबर एका पूर्ण सहामाहीने असतो, त्यामुळे घातांकात अपूर्णांक येत नाहीत. आणि महत्त्वाचे म्हणजे चालू व्याजदर नुकताच बाजाराशी जुळवलेला असतो.

इथे एक बारीक गोष्ट. सरकारी रोख्यांचा सौदा आज झाला तर पैसे आणि रोखे पुढच्या कामकाजाच्या दिवशी हलतात. म्हणून रिसेटच्या दिवसाची किंमत म्हणजे ज्याचे सेटलमेंट त्या दिवशी आहे त्या सौद्याची किंमत. सौदा आदल्या दिवशीच झालेला असतो. शीटमध्ये सौद्याची तारीख टाकून साचलेले व्याज शून्य का येत नाही याची शोधाशोध करणारे नवखे दर रिसेटला दिसतात.

## ४. उदाहरण: व्याजाचे हप्ते लिहून काढा

उदाहरणातला रोखा काल्पनिक आहे, रचना मात्र नेहमीची. मुदत संपायला बरोबर दोन वर्षे, व्याज सहामाही, म्हणजे चार हप्ते बाकी. पायाभूत दर ५.५० टक्के. कागदावरचा स्प्रेड ०.९० टक्के, बाजाराच्या भाषेत ९० बेसिस पॉइंट. डीलर म्हणतो एकशेतीस, म्हणजे डीएम १.३० टक्के. दर्शनी किंमत १०० धरू.

वार्षिक व्याज ५.५० अधिक ०.९०, म्हणजे ६.४० टक्के. सहामाहीला ३.२० रुपये.

पुढच्या तीन सहामाहींचा पाया कुणाला माहीत? कुणालाच नाही. डीएमची रूढ पद्धत असे गृहीत धरते की आजचा पाया शेवटपर्यंत तसाच राहील. हे भाकीत नाही, हिशेबाचा संकेत आहे. हे गृहीतक एवढे ढोबळ असूनही चालते, याचे कारण सहाव्या पायरीत येईल. तर हप्ते असे: ३.२०, ३.२०, ३.२० आणि शेवटी ३.२० अधिक मुद्दल १००, म्हणजे १०३.२०.

## ५. सवलत लावा

सवलतीचा वार्षिक दर ५.५० अधिक १.३०, म्हणजे ६.८० टक्के. सहामाहीला ३.४० टक्के. प्रत्येक हप्त्याला १.०३४ च्या योग्य घाताने भागायचे:

पहिला हप्ता: ३.२० ÷ १.०३४ = ३.०९४८
दुसरा: ३.२० ÷ १.०३४² = २.९९३०
तिसरा: ३.२० ÷ १.०३४³ = २.८९४६
चौथा, मुद्दलासह: १०३.२० ÷ १.०३४⁴ = ९०.२८१२

बेरीज ९९.२६३६. ही किंमत. ५ कोटी दर्शनी किमतीचा सौदा असेल तर द्यायची रक्कम ४,९६,३१,८०० रुपये.

आकडा बघून एक प्रश्न स्वतःला लगेच विचारा: शंभराच्या खाली यायला हवा होता का? खरेदीदाराला पायावर १.३० हवेत, कागद देतो ०.९०. कमी देणारा कागद पूर्ण किमतीला कुणी घेणार नाही, म्हणून हो, शंभराच्या खालीच हवा. स्प्रेड डीएमपेक्षा जास्त असता तर शंभराच्या वर, आणि दोन्ही सारखे असते तर बरोबर शंभर. ही दिशा जुळली नाही तर शीटवर विश्वास ठेवू नका.

## ६. तीच किंमत एका ओळीत, आणि त्यातून कळणारी खरी गोष्ट

पायावर १.३० देणारा असाच दुसरा रोखा कल्पना करा. त्याचे व्याज ६.८० टक्के आणि सवलतही ६.८० टक्के, म्हणून रिसेटच्या दिवशी त्याची किंमत शंभर. आपला रोखा त्याच्यापेक्षा वर्षाला ०.४० टक्के कमी देतो, म्हणजे सहामाहीला २० पैसे कमी. मग आपली किंमत शंभरातून या चार तुटींचे आजचे मूल्य वजा करून मिळायला हवी.

चार सहामाहींत दर वेळी १ रुपया मिळाला तर ३.४० टक्क्यांनी त्याचे आजचे मूल्य ३.६८१८ रुपये. त्याला ०.२० ने गुणा: ०.७३६४. शंभरातून वजा करा: ९९.२६३६. पाचव्या पायरीतलीच किंमत.

```
r = (I + DM) / m
P = 100 + 100*(QM - DM)/m * (1 - (1+r)^(-N)) / r
```

यात I हा पायाभूत दर, QM कागदावरचा स्प्रेड, m वर्षातले हप्ते आणि N बाकी हप्ते.

मला ही मांडणी लांबलचक बेरजेपेक्षा जास्त आवडते, कारण रोख्याची किंमत नेमकी कशाने हलते ते इथे उघडे पडते. पायाभूत दर एका झटक्यात एक पूर्ण टक्का वाढून ६.५० झाला असे धरा. व्याज ३.७० होते, सवलत ३.९० टक्के होते, पण तूट २० पैशांचीच राहते. फक्त तिला लावायची सवलत थोडी वाढते. नवी किंमत ९९.२७२३. एक टक्का दर वाढला आणि किंमत एक पैसाही हलली नाही, उलट पाऊण पैशाच्या वर चढली. आता पाया तसाच ठेवून डीएम एका बेसिस पॉइंटने, १.३० वरून १.३१ करा. किंमत ९९.२४५३ होते, म्हणजे १.८३ पैसे खाली. ५ कोटींवर नऊ हजार रुपयांच्या वर.

म्हणून 'पाया तसाच राहील' हे ढोबळ गृहीतक चालते: पाया वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याची चूक बरीचशी कटते. डीएमची चूक कटत नाही. फ्लोटरच्या डेस्कवर लोक रेपो दराच्या बातमीपेक्षा डीएमबद्दल जास्त बोलतात, त्याचे हेच कारण.

मुदत जितकी लांब तितकी ही सोय कमी होत जाते, हेही ध्यानात असू द्या. हाच ०.४० टक्क्यांचा फरक घेऊन तेरा वर्षांचा, २६ हप्त्यांचा रोखा धरला तर ५.५० पायावर किंमत ९६.५८ येते आणि ६.५० पायावर ९६.७७. आता पाया हलल्याने सुमारे १८ पैशांचा फरक पडला. ५ कोटींवर ही रक्कम ९० हजारांच्या पुढे जाते. लांब मुदतीच्या रोख्यात दोन संस्था वेगवेगळा पाया धरून एकाच डीएमवर बोलत असतील, तर किमती जुळणार नाहीत. अशा वेळी किमतीवर वाद घालण्याआधी 'तुम्ही पाया किती धरलात?' हे विचारा.

## ७. एक्सेलमध्ये

B1 मध्ये पायाभूत दर, B2 मध्ये स्प्रेड, B3 मध्ये डीएम, हे तिन्ही टक्क्याच्या चिन्हासह, म्हणजे 5.50% असे. B4 मध्ये बाकी हप्ते. मग:

```
=-PV((B1+B3)/2, B4, 100*(B1+B2)/2, 100)
```

सुरुवातीचे उणे चिन्ह विसरू नका, एरवी उत्तर ऋण येते. पहिल्यांदा शीट बनवाल तेव्हा B2 आणि B3 मध्ये एकच आकडा टाकून उत्तर बरोबर १०० येते का ते पाहा. नाही आले तर कुठेतरी दोनाने भागायचे राहिले आहे.

कधी कधी समोरचा डीएम न सांगता किंमत सांगतो. समजा तो म्हणाला ९९.००. ती किंमत B5 मध्ये टाका आणि उलटा हिशेब करा:

```
=2*RATE(B4, 100*(B1+B2)/2, -B5, 100)-B1
```

उत्तर १.४४४ टक्के, म्हणजे सुमारे १४४ बेसिस पॉइंट. तोंडी अंदाज करणारे म्हणतात, "एक रुपया सूट, दोन वर्षे, म्हणजे वर्षाला पन्नास पैसे, नव्वदात पन्नास मिळवा, एकशेचाळीस." अंदाज जवळ आहे, पण त्यात चार बेसिस पॉइंट कमी पडतात, कारण सूट आज एकरकमी मिळते आणि तूट मात्र दोन वर्षांत थोडी थोडी सोसायची असते. वरच्या हिशेबाने चार बेसिस पॉइंट म्हणजे सातेक पैसे. फोनवर अंदाज करा, सौद्याच्या कागदावर नको.

## ८. पाय घसरतो त्या जागा

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे फरकाला दोनाने भागायचे विसरणे. ०.४० ला सरळ ३.६८ ने गुणले की किंमत ९८.५३ येते. खऱ्या किमतीपेक्षा ७३ पैसे कमी, ५ कोटींवर साडेतीन लाखांच्या वर. ही चूक आकडा पाहून लक्षात येत नाही, कारण दिशा बरोबर असते. वर सांगितलेल्या १०० च्या चाचणीतही ती सुटते, कारण तिथे फरकच शून्य असतो. ती पकडायची तर लांबलचक बेरीज एकदा हाताने करून दोन्ही उत्तरे ताडून पाहा.

दुसरी, सवलतीच्या दरात डीएम न धरता नुसता पाया धरणे. तसे केले तर आपल्या उदाहरणात किंमत १०१.६८ येते. ही लगेच पकडता येते, कारण कमी देणारा कागद शंभराच्या वर जाऊच शकत नाही.

तिसरी जागा जाणकारांनाही चकवते. व्याज ठरवताना पाया तीन लिलावांची सरासरी असतो, पण सवलत लावताना बाजार आजचा दर धरतो. ट्रेझरी बिलांचे लिलाव दर आठवड्याला होतात. दर उतरत असतील तर सरासरी आजच्या दरापेक्षा वर राहते. समजा सरासरी ५.५० आहे, पण आजचा दर ५.४० वर आला आहे. मग पहिला हप्ता ३.२० नक्की झालेला, पुढचे तीन ३.१५ चे आणि सवलत सहामाहीला ३.३५ टक्के. किंमत ९९.३१११ येते. आधीच्या किमतीपेक्षा पावणेपाच पैसे जास्त, ५ कोटींवर २३,७५० रुपये. कारण साधे आहे: पहिल्या हप्त्यात आजच्या दरापेक्षा पाच पैसे जास्त बांधले गेले आहेत आणि ते खरेदीदाराला मिळणार आहेत. दर स्थिर असताना हा भाग सोडून दिला तरी चालतो. धोरणदर नुकताच बदलला असेल तर नाही. तेव्हा वरचे एका ओळीचे सूत्र बाजूला ठेवून पहिला हप्ता स्वतंत्र लिहा.

चौथी, दिवसांची मोजणी. आपल्याकडच्या सरकारी रोख्यांत महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरतात, म्हणून सहामाही म्हणजे बरोबर अर्धे वर्ष आणि दोनाने भागणे अचूक ठरते. परदेशी डॉलर फ्लोटरमध्ये बहुधा प्रत्यक्ष दिवस भागिले ३६० असतात. १८२ दिवसांची सहामाही तिथे ०.५०५६ वर्षे होते आणि ६.४० टक्क्यांचा हप्ता ३.२० ऐवजी ३.२४ च्या जवळ जातो. व्याज एका पद्धतीने आणि सवलत दुसऱ्या पद्धतीने लावली तर स्प्रेड आणि डीएम सारखे असूनही किंमत शंभर येत नाही.

## ९. हे सूत्र कुठे लावू नये

व्याजाला खालची मर्यादा असेल तर दर फार उतरल्यावर रोखा स्थिर व्याजाचा होतो आणि 'पाया दोन्ही बाजूंना कटतो' हा आधारच निघून जातो. त्या मर्यादेची किंमत ऑप्शनसारखी वेगळी काढावी लागते. मुदतीआधी परतफेडीचा हक्क असेल तर N किती धरायचा हेच ठरलेले नसते. पत सुधारली की कर्जदार स्वस्तात नवे कर्ज काढून जुने फेडतो, म्हणून असा रोखा शंभराच्या फार वर जात नाही. सूत्र मात्र खुशाल १०३ दाखवते.

डॉलरमधला लायबोर जून २०२३ अखेर बंद झाल्यावर त्याची जागा सोफरने घेतली आणि बऱ्याच नव्या नोटांत व्याज सहामाही किंवा तिमाही संपता संपता, रोजच्या दरांची चक्रवाढ करून ठरते. तिथे सुरुवातीला पहिला हप्तासुद्धा माहीत नसतो. डीएमचा हिशेब तरी होतो, फक्त पहिल्या हप्त्यालाही गृहीत पाया लावावा लागतो आणि तिसऱ्या जागी सांगितलेला सरासरीचा फरक उरत नाही.

दोन रिसेटच्या मधल्या दिवशी किंमत हवी असेल तर चालू हप्ता ठरलेलाच धरा, पुढचे हप्ते आजच्या पायावर काढा, प्रत्येक घातांकात उरलेल्या दिवसांचा अपूर्णांक घाला आणि शेवटी साचलेले व्याज वजा करा. सरकारी रोख्यांसाठी पडताळणीला बाजाराचे मानक दर प्रसिद्ध करणाऱ्या एफबीआयएल या संस्थेचे रोजचे मूल्यांकन मिळते. तुमचा आकडा त्याच्यापासून दोन-तीन पैशांपेक्षा जास्त दूर गेला, तर आधी डीएम किती धरला ते पाहा आणि मग पाया कोणत्या तारखेचा घेतला ते.